कंपनीचं खोकं

सकाळी दूध गॅसवर ठेवलं की बिल्किस मोबाइलवर विक्रीचं ॲप उघडायची. आधी स्वतःची उशी बघायची नाही. आधी वर्षालीची बघायची. किंमत, तारे, आणि त्याखाली बारीक अक्षरात आलेले नवे अभिप्राय. तेवढ्यात दूध वर यायचं. कधी ती वेळेवर गॅस बंद करायची, कधी नाही. ओट्यावर सांडलेलं दूध पुसताना तिला वाटायचं, हे दूधसुद्धा त्या वर्षालीमुळंच गेलं.

चाकणजवळच्या निघोजेत तिच्या नवऱ्याचं, शफीचं सीट कव्हरचं दुकान. कंपन्यांकडे जाणारे टेंपो, कामगारांना ने-आण करणाऱ्या गाड्या, सगळ्यांच्या सीटा त्याच्या हाताखालून गेलेल्या. उरलेल्या फोमच्या आणि रेक्झिनच्या तुकड्यांतून बिल्किसनं पहिली उशी शिवली ती शफीच्या कंबरेसाठी. मग एका ड्रायव्हरनं मागितली, मग दहा जणांनी. तीन वर्षांपूर्वी दुकानाच्या जीएसटी नंबरावर तिनं ऑनलाइन खातं काढलं. भिशीच्या पैशातून शिलाईचं दुसरं मशीन घेतलं आणि घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडलं. हाताशी कोणी हवं म्हणून चार घरं सोडून राहणाऱ्या मंजुळाबाईंच्या सुनेला बोलावलं.

ती वर्षाली. आठ महिने ती बिल्किसच्या शेजारी बसून शिवायची. रेक्झिनवर टीप मारताना कापड ओढायचं नाही, मशीनला ओढू द्यायचं, हे बिल्किसनं तिला शिकवलं. उशीच्या पोटाला दिलेला बाक कंबरेत नेमका कसा बसतो, हेही. नवव्या महिन्यात वर्षाली म्हणाली, भाभी, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आता घरीच थांबते. आणि पंधरा दिवसांनी ॲपवर तीच उशी, तोच बाक, वर नाव वर्षालीचं.

बिल्किस कोणाला काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून सकाळी आधी कोणाची उशी बघायची, ते बदललं.

बिल्किसची उशी चारशे एकोणपन्नासला होती. वर्षालीनं चारशे एकोणतीस लावले. बिल्किसनं चारशे एकोणीस केले. वर्षाली तीनशे नव्व्याण्णववर आली. दुसऱ्या दिवशी बिल्किसही. तरी वर्षालीच्या ऑर्डरी चढत्याच दिसायच्या, तिच्या दारात कुरिअरची गाडी जास्त वेळ थांबायची. परवडतं कसं हिला? बिल्किस मनाशी हिशेब करायची. माल आणि बांधाबांध मिळून एकशे अकरा. ॲपचं कमिशन बारा टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस. राहतात दोनशे चाळीस. आपल्याला परवडतं, तर तिलाही परवडतच असणार. मग दोघींच्यात फरक काय? फरक एकच, बिल्किसला वाटायचा: तिचं नशीब.

पैसे शफीच्या खात्यात जमा व्हायचे. दुकानाचे, टेंपोवाल्यांचे आणि उशांचे, सगळे एका ठिकाणी. कुठला रुपया कुठून आला, हे बिल्किसनं कधी निवडून पाहिलं नव्हतं. तिचं लक्ष ऑर्डरींच्या आकड्यावर. शफीचं मात्र खात्यावर असायचं. गणपतीनंतर एका संध्याकाळी तो म्हणाला की, दुकानात एक कारागीर ठेवायचा आहे आणि त्याला मशीन लागणार. खिडकीपाशचं मशीन दिवसभर चालतं, पण खात्यात त्याची चाहूल लागत नाही. दिवाळीच्या सेलपर्यंत थांबू. तोवर त्यानं काही कमावलं असं दिसलं नाही, तर ते दुकानात जाईल.

रागावून बोलला असता तर तिला भांडता आलं असतं. तो साधेपणानं बोलला, आणि मशीनकडे बघतही नव्हता.

म्हणून दिवाळीच्या सेलची सूचना आली तेव्हा बिल्किसनं उशी तीनशे एकोणपन्नासला घातली. नाव मागे घ्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत होती. तिला त्याची गरज वाटली नाही. दोनशे ऑर्डरी आल्या की शफी काय बोलतो ते बघू. आणि वर्षाली काय बोलते, तेही.

शुक्रवारी दुपारी कुरिअरवाला घाईत एक परत आलेलं पार्सल तिच्या दारात टाकून गेला. सही करताना तिनं नाव वाचलं नाही. उचललं तेव्हा कळलं, हे आपलं नाही. आपलं पार्सल म्हणजे खोकं. शफीचा दोस्त रमीज भंगाराचा धंदा करतो. कंपन्यांतून सुट्या भागांची रिकामी खोकी त्याच्याकडे येतात. जाड पुठ्ठ्याची, कडा शाबूत, नगाला चार रुपये. बिल्किसला त्या खोक्यांचा अभिमान होता. वर कंपनीचं नाव छापलेलं, आत तिची उशी ऐसपैस बसलेली. आपले तारे निम्मे तरी खोक्यामुळंच असणार, असं ती समजायची.

हातातलं पार्सल मात्र जाड प्लॅस्टिकचं, चपटं, शिळ्या भाकरीसारखं. नाव वर्षालीचं.

द्यायला जायचं म्हणून तिनं चप्पल घातली. मग काढली. दार लोटलं आणि कात्रीनं पार्सलची कड कापली.

आतल्या पिशवीला कात्री लागताच उशीनं श्वास घेतला. तव्यावरची भाकरी फुगावी तशी ती हळूहळू वर आली आणि पाहता पाहता बिल्किसच्या उशीएवढी झाली. तिनं ती काट्यावर ठेवली. सहाशे ग्रॅम. तिची स्वतःचीही सहाशे. टाके तपासले, कोपऱ्यावर वर्षाली अजूनही कापड ओढते, हे पाहून तिला क्षणभर बरं वाटलं. मग तिनं फाटलेलं पाकीट हातात घेतलं आणि त्यावर चिकटवलेल्या लेबलावर लिहिलेलं वाचलं. लांबी, रुंदी, उंची. अडतीस, तेहेतीस, पाच.

सामानाची मापं ॲपवाले कशाला लिहितात?

तिनं आपलं खातं उघडलं. आजवर ती ऑर्डरींच्या पानावर थांबायची. आज एका ऑर्डरीच्या पोटात शिरली. कमिशन. ठरावीक शुल्क पंचवीस. डिलिव्हरीचे शहात्तर. आणि दोन आठवड्यांनी वेगळे कापलेले अठ्ठ्याऐंशी, समोर लिहिलेलं: वजनातला फरक. सहाशे ग्रॅमच्या उशीत वजनाचा फरक कुठून आला? मदतीच्या पानावर उत्तर होतं. काट्यावरचं वजन आणि जागेचं वजन, दोन्हींतलं जे जास्त ते धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले पाच हजार.

तिनं शिलाईची टेप खोक्याला लावली. चाळीस, पस्तीस, पंधरा. चार किलो दोनशे. वर्षालीचं पाकीट सव्वा किलो.

ती कंपनीचं खोकं भरून हवा पाठवत होती. कधी नागपूरला, कधी गुवाहाटीला.

मग तिनं रेक्झिनच्या मागल्या पांढऱ्या बाजूवर खडूनं मांडलं. तीनशे नव्व्याण्णवमध्ये एकसष्ट रुपये जीएसटीचे. ते आपले कधीच नव्हते. उरले तीनशे अडतीस. कमिशन अठ्ठेचाळीस, शुल्क पंचवीस, डिलिव्हरी फरकासकट एकशे चौसष्ट. उरले एकशे एक. या कापलेल्या पैशांवर लागणारा जीएसटी पुढे वजा मिळतो, तो तिनं बाजूला ठेवला. माल आणि बांधाबांध एकशे अकरा.

दर उशीमागे दहा रुपये ती पदरचे घालत होती. चारशे एकोणपन्नासला विकायची तेव्हाही हातात सव्वीसच पडत होते. सेलमध्ये तीनशे एकोणपन्नासला गेली असती तर सेहेचाळीसचा खड्डा, आणि दोनशे ऑर्डरी.

तिनं सेलमधून नाव काढलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

कापलेलं पार्सल आता द्यायला हवं होतं. ते पदराखाली धरून ती चार घरं चालली. मंजुळाबाई दारापुढच्या ओट्यावर होत्या. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर बसलेल्या, पिशवीत उशी, आणि वर्षाली पिशवीच्या तोंडाशी प्लॅस्टिक तापवून चिकटवणारी सीलिंगची पट्टी दाबत होती.

"बस गं बिल्किस," मंजुळाबाई म्हणाल्या. "मला उठता येत न्हाई. मी हवा काढतीय."

बिल्किसनं पार्सल पुढे केलं. वर्षालीनं कापलेली कड पाहिली, मग बिल्किसकडे पाहिलं.

"चुकून माझ्याकडे आलं," बिल्किस म्हणाली. "कापलं मात्र मुद्दाम."

वर्षालीनं आतली उशी उलटून पाहिली. मग म्हणाली, "कोपरा बघितलात ना?"

"बघितला. ओढतेस अजून."

"मला वाटलंच."

मंजुळाबाई हसल्या, आणि त्यांच्याखालची उशी आणखी चपटी झाली. "हिला काय बोलती. ही बी सकाळी उठली की चूळ भरायच्या आधी तुझंच बघती. आज भाभीचे तारे किती, उद्या किती. मी म्हटलं, आभाळातले मोज की."

वर्षाली लाजली नाही. तिनं विचारलं, भाभी सेलमध्ये कितीला आहेत? तिनं स्वतः अंदाजानं तीनशे एकोणचाळीस भरले होते, नेमके बिल्किसच्या आकड्याखाली दहा.

बिल्किसच्या जिभेवर आलं होतं, राहू दे. सहा वाजायला तास-दीड तास होता. ती गप्प बसली असती, तरी खोटं बोलली नसती. आठ महिने शेजारी बसून शिकलेल्या मुलीनं न सांगता दुकान थाटलं. तिनंही कोणी न सांगताच बुडावं, एवढंच. चहा येईपर्यंत ती हाच विचार करत होती. चहात आलं जास्त झालं होतं. वर्षालीला आल्याचं प्रमाण कधी जमलं नाही.

"मी सेलमध्ये नाही," ती म्हणाली. "तूही काढ."

मग तिनं हिशेब सांगितला. तीनशे एकोणचाळीसला, या पिशवीतसुद्धा, सव्वा किलोचं भाडं शहाण्णव धरून, वर्षालीच्या हातात चौदा रुपये. दहात एक उशी परत आली की जाण्यायेण्याचं भाडं दहाही उशांची कमाई खाऊन टाकणार. समोर परत आलेलं पार्सल पडलंच होतं. दुसरा दाखला द्यावा लागला नाही.

वर्षालीनं मोबाइल घेतला, आत गेली, बाहेर आली. "काढलं," एवढंच म्हणाली. आणि सीलिंगच्या पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, हवी का, चाकणला आठशेला मिळते.

त्या संध्याकाळी दोघी मैत्रिणी झाल्या, असं काही नाही. बिल्किसनं पिशवीत भरून चारशे एकोणचाळीस लावले, हातात सत्त्याऐंशी. ऑर्डरी निम्म्यावर आल्या. वर्षाली चारशे पस्तीसवर थांबली, आणि ते चार रुपये बिल्किसला रोज सकाळी टोचायचे.

दिवाळीआधी ट्रान्सपोर्टवाल्या उद्धवरावांनी सगळ्या गाड्यांसाठी चाळीस उशा मागितल्या, तीनशे नव्व्याण्णवनं, थेट. त्यांना कार्डावर पैसे द्यायचे होते, म्हणून पेमेंटची लिंक लागली. पूर्वीची बिल्किस आनंदानं लिंक पाठवून मोकळी झाली असती. तिनं आधी विचारलं, यात किती कापतात. दोन टक्के आणि त्यावर जीएसटी. सोळा हजारांना चाळीस कमी, त्यावर तीनशे सत्त्याहत्तर. उशीमागे साडेनऊसुद्धा नाहीत. भाडं नाही, कमिशन नाही, माल शफी टेंपोनं टाकणार. ती हो म्हणाली.

दिवाळीनंतर तिनं त्या रेक्झिनच्या तुकड्यावर पिशवीतल्या उशांची आणि उद्धवरावांच्या चाळीस उशांची कमाई खाली मांडली आणि तो शफीपुढे पसरला. त्यानं खडूचे आकडे बोटानं न पुसता वाचले, वरून खालपर्यंत, दोनदा. कारागिरासाठी त्यानं भोसरीहून जुनं मशीन आणलं. खिडकीपाशचं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापत होतं आणि बिल्किसच्या हातात मोबाइल होता. शफी दुकानाला निघाला आणि दारातून विचारू लागला की, रमीजकडे चांगली खोकी आलीत, आणू का.

"खोकी नकोत," ती म्हणाली, नजर न उचलता. "येताना आलं आणा, संपलंय."