तिसऱ्या कडव्याची स्लाइड

माझ्या धाकट्या बहिणीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सहाला इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींची इस्त्री. मधला वेळ तिचा. त्या वेळात तिने सूड रचला.

भजनाला ती कामावरून थेट यायची आणि शेवटच्या रांगेत बसायची. पडद्यावर अख्खं भजन एकाच स्लाइडवर, मुंगीएवढं अक्षर, पांढऱ्यावर पिवळं. एकदा तिने भलतीच ओळ म्हटली, तीही मोठ्याने. बुवांनी पेटी थांबवली.

"मागच्या बाई, चादरींना अक्षरं लागत नाहीत. इथे लागतात."

सभागृह हसलं. मी शेजारी होतो. हसलो नाही, पण बोललोही नाही. ते अजून सलतं.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "दादा, त्याच पडद्यावर याला वाचायला लावते."

स्लाइडचं काम तिने मागून घेतलं. बुवा म्हणाले, "करू दे. हौस फिटेल."

जुना मजकूर जुन्या फॉन्टचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याची इंग्रजी चिन्हं व्हायची. तिने तो टाकून दिला. पुस्तक उघडून शब्दन् शब्द युनिकोडमध्ये टाइप केला. एका स्लाइडवर एकच कडवं. जाड, साधं अक्षर, गडद निळ्यावर पांढरं. ओळ तोडायची ती श्वास घेतात तिथेच. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडू नये इतकं अंतर. प्रत्येक कडव्यामागे ध्रुवपद पुन्हा, म्हणजे नुसतं पुढचं बटण दाबत जायचं. रिकाम्या सभागृहात मला शेवटच्या रांगेतून वाचायला लावलं. एका शब्दावर अडखळलो.

"तुझे डोळे की माझं अक्षर?"

"अक्षर."

तिने ते वाढवलं. मी तीस वर्षं पोती वाहिली; काम कशाला म्हणतात ते मला कळतं.

ती चुकली त्या भजनाला कडवी चार. तिसऱ्याला दम लागतो, म्हणून बुवा ते गाळत. तीनच आहेत, असं सांगत; जुन्या स्लाइडवरही तीनच होती. हे तिला पुस्तकातून कळलं.

नव्या स्लाइड पहिल्यांदा लागल्या त्या संध्याकाळी दुसरं कडवं झालं, ध्रुवपद झालं. तिने बटण दाबलं. सहावी स्लाइड: तिसरं कडवं. दोनशे माणसं वाचून गाऊ लागली. बुवा एकटेच चौथं गात होते, माइकमध्ये.

"पुढे घे!" बुवा ओरडले.

आठ टाइप करून एंटर मारलं की थेट आठवी स्लाइड, म्हणजे चौथं कडवं आलं असतं. तिला ते येत होतं. तिने हात मांडीवर ठेवले.

बुवांनी मान वळवून पडदा पाहिला. पहिल्या रांगेतली म्हातारी म्हणाली, "बुवा, वाचा की. केवढं ठळक आहे!" सभागृह पुन्हा हसलं. बुवा वाचू लागले. अर्ध्यातच दम तुटला. उरलेलं मागच्या रांगेने पूर्ण केलं.

"समाधान झालं?" मी विचारलं.

"नाही."

चार महिने इस्त्रीच्या पगारातून बाजूला टाकत तिने एक छोटा मॉनिटर घेतला. तो बुवांच्या पेटीसमोर ठेवला आहे. बुवा आता त्यात वाचूनच गातात; ती बटण दाबते, तेव्हाच त्यांचं पुढचं कडवं येतं.