साहेब उठल्याशिवाय

ऑफिस हलणार असल्याची नोटीस मीच लिहिली होती, त्यामुळे तिच्यातल्या चुकीचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नव्हती.

आमचं बियाण्याच्या कंपनीचं विभागीय ऑफिस नांदेडच्या स्टेशनसमोर होतं. जागेचा करार संपत आला आणि मालकानं भाडं वाढवून मागितलं, म्हणून नदीपलीकडं सिडकोत नवी जागा घेतली. साहेब लातूरचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, नोटीस मराठीत काढा, लोकांना कळेल अशी. मी नेहमीप्रमाणे 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' असं सुरू केलं. त्यांनी ते वाचून खोडलं. मग मी सरळ लिहिलं: ऑफिस कुठून कुठं जाणार, कधीपासून, का. ज्यांचं अंतर वाढतंय त्यांना तीन महिने प्रवासभत्ता. सकाळी स्टेशनवरून ऑफिसपर्यंत आणि संध्याकाळी ऑफिसपासून स्टेशनपर्यंत कंपनीची बस. एवढं करूनही ज्यांची अडचण होईल त्यांनी कामाच्या वेळेत बदल मागावा, अर्ज माझ्याकडं द्यावा.

माझा स्वतःचा अर्ज मात्र मी केला नाही. मला वाटलं, बस आहे की.

मी मुदखेडहून अपडाउन करते. घरी आई. तिची नजर गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात तिला दिव्याची गरज पडत नाही. चुलीपासून रांजणापर्यंत आणि रांजणापासून दारापर्यंत ती हाताच्या अंदाजानं फिरते. दिवसभर शेजारच्या काकू तिच्यावर लक्ष ठेवतात. संध्याकाळी त्यांना घरी म्हशीची धार काढायला जावं लागतं, आणि त्याच सुमाराला माझी पॅसेंजर मुदखेडला लागते. काकू उठतात आणि मी पोचते. वर्षानुवर्षं ही घडी अशी बसलेली होती.

ऑफिस हलणार हे कळल्याबरोबर लातूरहून भावाचा फोन आला. तो म्हणाला, पुलापलीकडून तुला गाडी कशी सापडेल? नोकरी सोड, न्हाई तर आईला माझ्याकडं पाठव. भाऊ वाईट नाही. पण त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि मागच्या खेपेला आई तिथं महिनाभर एका खुर्चीवर बसून होती. परत आल्यावर तिनं आधी दाराची चौकट हातानं चाचपली आणि मग चप्पल काढली. तिनं मला साफ सांगितलं होतं की मला माझ्या घरातच राहू दे. मी भावाला म्हटलं, नोकरीही सोडत नाही आणि आईही पाठवत नाही. माझा स्वभाव मूळचाच तिखट, त्यातून कुणी 'जमायचं न्हाई' म्हटलं की मला जास्तच चेव येतो.

नुसतं म्हणून भागत नव्हतं. एका संध्याकाळी मी रिक्षा करून नव्या जागेवर गेले आणि ऑफिस सुटायच्या वेळी तिथून स्टेशनला परत आले. पुलावर गर्दी होती, रिक्षावाला दोनदा शिव्या घालत थांबला, तरी गाडीच्या बरंच आधी मी फलाटावर उभी होते. त्याच अंदाजानं मी बस सुटायची वेळ नोटिशीत घातली. कागदावर सगळं चोख होतं.

पहिल्याच संध्याकाळी बस वेळेवर येऊन दारात उभी राहिली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, मग बंद केलं. मी पर्स घेऊन आजूबाजूला पाहिलं, तर कुणी जागचं हलत नव्हतं. साहेबांच्या केबिनमध्ये दिवा होता.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटायचं नाही. आमच्याकडं साहेब उठल्याशिवाय खुर्ची सोडायची पद्धत नाही. काम संपलेलं असो, टेबल आवरलेलं असो, साहेब आत बसलेत म्हणजे आपणही बसायचं. आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, निवृत्तीला आलेले, आणि हा रिवाज त्यांनी देवपूजेसारखा पाळलेला. जुन्या ऑफिसात आम्हा अपडाउनवाल्यांची यातून एक पळवाट होती. स्टेशनवरची घोषणा खिडकीतून ऐकू यायची. ती झाली की आम्ही मागच्या दारानं निघायचो आणि रस्ता ओलांडून फलाटावर. साहेबांची केबिन पुढं, त्यांना पत्ता नसायचा. बडे बाबू तेवढ्यापुरते फायलीत डोकं घालायचे. नव्या जागेला एकच दार, आणि बस नेमकी साहेबांच्या खिडकीखाली. मी रस्ता मोजला, पुलावरची गर्दी मोजली, आणि आमचीच खोड हिशेबात धरायची विसरले.

मी एकटीच जाऊन बसमध्ये बसले. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, एकट्यासाठी कशी काढू? बाकीचे ओरडतील." साहेब खाली आले तेव्हा पॅसेंजर गेली होती. मी सीट भरून निघणारी वडाप जीप धरून मुदखेडला पोचले तर काकू आईजवळच बसलेल्या, आणि त्यांच्या गोठ्यात म्हैस ओरडून राहिलेली. काकू घाईनं उठून गेल्या. त्या रागानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकूंना थांबणं जमलं नाही. मी पोचले तेव्हा आई उंबऱ्यावर एकटीच बसलेली होती, काठी मांडीवर आडवी घेऊन. गाडी येऊन गेल्याचं तिला शिट्टीवरून कळलं होतं, आणि मी त्या गाडीत नव्हते हेही. ती एवढंच म्हणाली, "पोरी, दादाला बोलाव. मी जाते लातूरला."

तिला जायचं नव्हतं. माझी ओढाताण नको म्हणून ती तसं बोलून राहिली होती. रात्री मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. राग साहेबांचा, बडे बाबूंचा, आणि पर्स मांडीवर घेऊन मुकाट बसणाऱ्या माझ्या स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटायच्या वेळेला मी बडे बाबूंना म्हटलं की आता मी उठते, तुम्ही पण उठा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तीस साल झाले, साहेबाच्या आधी उठलो न्हाई. आता शेवटी शेवटी बेअदबी कशाला करायला लावता?" त्यांचा स्वर भांडणाचा नव्हता. त्यांच्या दृष्टीनं तो खरोखरच अदबीचा प्रश्न होता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ज्यांच्यासाठी सगळे बसलेत त्यांनाच जाऊन विचारावं, असं म्हणून सरळ केबिनचं दार लोटलं.

साहेब वर्तमानपत्र वाचत होते. पुढं एकही फाईल नव्हती. ते पाहून तर माझं टाळकंच सरकलं.

"साहेब, काम नसंल तर उठा," मी म्हणाले. "तुम्ही बसलात म्हणून बाहेर सगळे बसलेत. बस उभी हाय, माझी गाडी चालली, घरी आंधळी आई एकटी हाय."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. ते रागावले नव्हते, त्यांना काही उमगतच नव्हतं.

"माझ्यामुळं बसलेत?" ते म्हणाले. "अहो मॅडम, मी तर तुमच्यामुळं बसून राहायचो, शेवटी कंटाळून उठायचो. मला वाटलं नवीन जागा, गठ्ठे लावायचे असतील. लातूरला पंधरा वर्षं मी साहेब उठायची वाट बघत बसलो. पोरगं झोपल्यावर घरी जायचो. तेव्हाच ठरवलं होतं, आपण साहेब झालो की माणसं गेल्यावरच उठायचं."

म्हणजे ते आमच्यासाठी आणि आम्ही त्यांच्यासाठी. दोन्हीकडं चांगुलपणाच होता, आणि त्यात माझी आई उंबऱ्यावर बसली होती. मला हसू आलं नाही. हसायला वेळच नव्हता.

ते लगेच उठले आणि खाली आले. सगळे मागोमाग उतरले. बसच्या दाराशी साहेब बाजूला उभे राहिले, म्हणाले, बसा. कुणी बसेना. बडे बाबू हात जोडून म्हणाले, आधी तुम्ही. साहेबांची भाड्याची खोली त्याच गल्लीत, ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. त्यांना बसची गरजच काय? त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं, आणि गुपचूप बसमध्ये चढून पहिल्या बाकावर बसले. मग बस भरली. पूल ओलांडून आम्ही स्टेशनला आलो. मी धावले. गाडी हलली होती, तरी डब्यातल्या बायकांनी मला वर ओढून घेतलं.

साहेब रिक्षा करून परत गेले.

सकाळी त्यांनी मला नोटिशीत एक ओळ वाढवायला सांगितली: संध्याकाळी साहेबांची वाट पाहू नये, बस वेळेवर सुटेल. मी टाइप केली, बोर्डावर लावली. बडे बाबूंनी ती वाचली आणि म्हणाले, कागदाचं ठीक हाय. त्या संध्याकाळी ते पुन्हा बसून राहिले. साहेबांच्याही ध्यानात आलं की हे नोटिशीतल्या ओळीनं सुटायचं नाही. ते खाली आले आणि बसमध्ये बसले. दुसऱ्या दिवशीही. पावसातसुद्धा. मी एकदा म्हटलं, साहेब, तुम्हाला उगीच हेलपाटा. ते म्हणाले, प्रवासभत्ता तुम्हीच लिहिलाय, माझंही अंतर वाढलंय.

पुढं एके दिवशी साहेब फोनवरच्या मीटिंगमध्ये अडकले. केबिनचं दार बंद. सुटायची वेळ झाली, आणि मी पर्स उचलून बडे बाबूंकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग टेबलाला हात टेकून उठले. जिना उतरताना कठडा घट्ट धरला होता. बसमध्ये चढून साहेबांच्या बाकावर बसले नाहीत, मागच्या बाकावर बसले. पुढचा बाक रिकामा राहिला. "काढ रे," ते ड्रायव्हरला म्हणाले. मला ते त्यांनी एका जन्माचं काम केल्यासारखं वाटलं, आणि खरंच होतं ते.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा काकू निघतच होत्या. आत आई भावाशी फोनवर बोलत होती. तो बहुधा परत विचारत होता, केव्हा न्यायला येऊ. मुदखेडला बराच वेळ थांबणारी गाडी आता कुठं सुटल्याची शिट्टी लांबून ऐकू आली.

"मी कुठंबी येत न्हाई," आई म्हणाली. "ठेव आता. गाडी आली, पोरीला दार उघडायचंय."

मी उंबऱ्यात पोचले होते, दार उघडंच होतं. तरी मी ते बाहेरून हळूच ओढून घेतलं आणि तिची काठी दारापर्यंत यायची वाट बघत उभी राहिले.