गुन्हा तिथला, माणूस इथला

ताई पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मला सनद मिळून दोनच वर्षं झाली होती. विठ्ठलवाडी स्टेशनाजवळ माझ्या सीनियरांचं ऑफिस होतं, त्यात दाराशेजारचं टेबल माझं. सीनियर सिंधी होते. त्यांच्याकडे बहुतेक कामं उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांची यायची. माझ्याकडे यायची ती ओळखीतली माणसं, तीही माझ्या घरच्यांमार्फत.

ताई आमच्या अंबरनाथच्या वस्तीतलीच. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. लहानपणी बुद्धविहारात आम्हा पोरींकडून वंदना तिनंच पाठ करून घेतली होती. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. बदलापूरच्या एका चांगल्या घरात ती धुण्याभांड्याला जायची. त्या घरातला मुलगा परदेशात, एका बर्फाळ देशात, आपल्या वकिलातीत नोकरीला होता. राजदूत वगैरे नव्हे, कचेरीतला कर्मचारी. त्याच्या बायकोला घरकामाला विश्वासाचं माणूस हवं होतं म्हणून त्यांनी ताईला नेलं. मुलीला आजीकडे ठेवून ताई विमानात बसली, तेव्हा अर्धी वस्ती तिला निरोप द्यायला जमली होती.

दीड वर्षानं ती परत आली. आमच्या ऑफिसात खुर्चीवर बसली आणि उजवा हात टेबलावर ठेवला. मनगट वाकडं जुळलेलं होतं.

"साहेबांनी पिरगाळला," ती म्हणाली. "ताट फुटलं म्हणून. आधी भिंतीवर ढकललं, मग हात धरून पिरगाळला. कट्कन आवाज आला."

शेजारणीनं ओरडणं ऐकून तिथल्या पोलिसांना बोलावलं होतं. एक पोलीसबाई आली, ताईला इस्पितळात घेऊन गेली. प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी दुभाषा घेऊन तीच बाई पुन्हा आली आणि तिनं सांगितलं, या माणसाला आम्ही अटक करू शकत नाही, आमच्या कोर्टात उभंही करू शकत नाही. तो दुसऱ्या देशाच्या वकिलातीचा आहे. त्याच्या सरकारनं संरक्षण काढून घेतलं तरच काही करता येईल.

"मग काढलं का सरकारनं?" मी विचारलं.

"नाही. त्यांना परत बोलावलं. मलाही तिकीट काढून दिलं." तिनं पिशवीतून इस्पितळाचं पाकीट काढलं. आत एक्स-रे आणि परक्या भाषेतले दोन कागद. "साहेब आता बदलापूरलाच आहेत. दुसरीकडे बदली व्हायची आहे म्हणे. मला एवढंच विचारायचंय. तिथं नेता येत नाही, तर इथं कोर्टात नेता येतं का?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही हेही मला कळलं नाही. कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर होता, राजनैतिक संरक्षण हे शब्द मला पाठ होते. वाटलं, मला हे माहीत आहे. सीनियर कोर्टात होते. संध्याकाळपर्यंत थांबून त्यांना विचारता आलं असतं.

मी म्हणाले, "गुन्हा तिथला, म्हणजे कोर्टही तिथलंच. आणि तिथं तर त्याला संरक्षण आहे. काही होणार नाही, ताई."

ती "बरं," म्हणाली. पाकीट पिशवीत ठेवलं, डाव्या हातानं पिशवी उचलली आणि गेली.

तीन महिन्यांनी उल्हासनगर कॅम्पातला एक कापडवाला सीनियरांकडे आला. त्याच्या भागीदारानं दुबईत त्याला फसवलं होतं आणि आता तो भागीदार उल्हासनगरला परत येऊन आरामात राहत होता. कापडवाला रडकुंडीला आला होता. "वहाँ का मामला यहाँ कैसे चलेगा, साईं?"

सीनियर शांतपणे म्हणाले, "तो हिंदुस्तानी आहे ना? बस. हिंदुस्तानी माणूस दुनियेत कुठंही गुन्हा करो, आपला पीनल कोड त्याच्या मागे जातो. बेटा, कलम चार काढ. आणि क्रिमिनल प्रोसीजरचं एकशे अठ्ठ्याऐंशी."

मी पुस्तक उघडलं. भारताच्या नागरिकानं देशाबाहेर गुन्हा केला, तर तो भारतात जिथं सापडेल तिथं केल्यासारखाच धरायचा. फक्त खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते. मी ते मोठ्यानं वाचत होते आणि माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता.

कापडवाला गेल्यावर मी सीनियरांना विचारलं, "सर, माणूस आपल्या वकिलातीतला असेल आणि त्याला तिथं संरक्षण असेल तर?"

"तर काय? संरक्षण तिथल्या कोर्टापासून. आपल्या कोर्टापासून कसलं? दुसऱ्याच्या घरी मुलगा पाहुणा असतो. आपल्या घरी तो मुलगाच." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुणाला काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "डॉक्टर चुकला तर पेशंटला कळतं. वकील चुकला तर कळतही नाही. तू जाऊन सांग."

मी त्याच आठवड्यात चौकशी केली. तो माणूस महिन्यापूर्वीच नव्या नेमणुकीवर दुसऱ्या देशात गेला होता.

ताईकडे गेले तेव्हा ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, डाव्या हातानं. मी उभ्यानंच सांगितलं. माझी चूक झाली, इथं खटला होऊ शकतो, पण तो माणूस इथं सापडायला हवा.

"म्हणजे मी तुझ्याकडे आले तेव्हा झालं असतं?"

"हो."

"तेव्हा तो इथं होता."

"हो, ताई."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "माझी आई म्हणाली होती, मोठ्या वकिलाकडे जा. मी म्हटलं, नाही, आपली पोरगी शिकली आहे, तिच्याकडे जाते." ती आत गेली आणि मला बस म्हणाली नाही. मी तशीच निघाले.

पुढची दोन वर्षं आम्ही विहारात समोरासमोर येत होतो. ती माझ्याशी बोलायची, पण पूर्वीसारखं नाही. आनंदनगरमध्ये औषधांच्या कारखान्यात तिला पॅकिंगचं काम मिळालं होतं. मी एकशे अठ्ठ्याऐंशी कलमाखालचे निवाडे मिळतील तिथून वाचून काढले. कुणी विचारलं नव्हतं. मला झोप लागत नव्हती म्हणून वाचत होते असं म्हणायला हरकत नाही.

मग एके सकाळी ताई स्वतः ऑफिसात आली. "साहेबांची आई वारली. ते आलेत. महिनाभर आहेत."

मी लगेच कागद ओढला. "आजच अर्ज करू."

"तेरावं होऊ दे."

"ताई, पुन्हा गेला तर?"

"मी तेरावं मानत नाही. ते मानतात. म्हातारी माझ्याशी चांगली वागली होती. तिच्या दिवसांत मी तिच्या दारात पोलीस नेणार नाही."

मी विनवणी केली, थोडी चिडलेही. ती ऐकेना. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. रोज वाटायचं, आज तो निघून गेला असेल.

चौदाव्या दिवशी आम्ही बदलापूरच्या पोलीस ठाण्यात गेलो. फौजदारानं अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, बर्फात झालेला गुन्हा मी बदलापूरला कसा लिहू? आमची हद्द कुठं संपते ते बाहेर नकाशावर आहे."

मी कलम दाखवलं. तो म्हणाला, "वरून विचारून सांगतो." वरून विचारायला आमच्याकडे वेळ नव्हता. आम्ही सरळ उल्हासनगरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात खाजगी फिर्याद दाखल केली. मॅजिस्ट्रेटनी ताईला शपथेवर विचारलं, हात पाहिला, कायदा वाचला. त्यांनी फिर्यादीची दखल घेऊन समन्स काढलं. खटला मात्र दिल्लीची परवानगी आल्याशिवाय पुढे जाणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. तो माणूस हजर झाला तेव्हा कोर्टाच्या परवानगीशिवाय देश सोडायचा नाही या अटीवर त्याला जामीन मिळाला. त्याची नवी नेमणूक तिथंच थांबली.

परवानगीचा अर्ज मी तीनदा टाइप केला. उत्तर यायला वर्ष उलटून गेलं. एक पानाचं पत्र, खाली सही-शिक्का. खटला चालवण्यास मंजुरी. ताईनं ते हातात घेतलं आणि विचारलं, "यात माझं नाव कुठं आहे?" मी बोटानं दाखवलं.

खटल्यात त्याच्या वकिलानं आधी संरक्षणाचाच मुद्दा काढला. माझे अशील राजनैतिक संरक्षणाखाली होते, त्या देशानंही त्यांच्यावर खटला भरला नाही. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "त्या देशाला भरता आला नाही म्हणून तर हे इथं आलंय. ते संरक्षण आपल्या देशाचं आहे, तुमच्या अशिलाचं नाही. आणि आपल्याच कोर्टापुढे ते ढाल होत नाही."

पुराव्याची बाजू मात्र लंगडी होती. तिथल्या डॉक्टरचा जबाब तिथं नोंदवून इथं वाचता येतो अशी कायद्यात सोय आहे. आम्ही तशी विनंती केली होती. डॉक्टर इस्पितळ सोडून गेला होता, जबाब कधी आलाच नाही. त्याच्याशिवाय ते पाकीट म्हणजे नुसते कागद. इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढून सांगितलं, हाड मोडलं होतं, वाकडं जुळलं आहे. कधी आणि कशानं मोडलं, हे ते सांगू शकत नव्हते.

त्यांची साक्ष झाली त्या रात्री मला ताई पहिल्यांदा आली तो दिवस पुन्हा आठवत राहिला. तेव्हाच सुरुवात केली असती तर डॉक्टर सापडला असता.

वाचवलं ते आरोपीच्याच उत्तरानं. उलटतपासणीत त्याच्या वकिलानं ताईला म्हटलं, "त्या दिवशी तू बर्फावरून घसरून जिन्यात पडलीस आणि हात मोडला, खरं ना?" पुढे त्या माणसानंही कोर्टाला तेच सांगितलं. म्हणजे हात त्याच दिवशी, त्यांच्याच घरी असताना मोडला, हे त्यांनीच कबूल केलं. उरला एकच प्रश्न, पडली की पिरगाळला.

ताईनं उत्तर दिलं होतं, "त्या दिवशी मी जिना उतरलेच नाही. उतरले ती पोलीसबाईबरोबर. तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता."

मॅजिस्ट्रेटनी तिच्यावर विश्वास ठेवला. गंभीर दुखापतीबद्दल सहा महिने. अपिलात दोषसिद्धी कायम राहिली, शिक्षा तीन महिन्यांवर आली. ती त्यानं भोगली. नोकरी गेली असं नंतर ऐकलं. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना मी बदलापूर स्टेशनात एकदा पाहिलं होतं. त्यांनी मला ओळखलं आणि मान दुसरीकडे फिरवली. मलाही बरं वाटलं नाही.

अपिलाच्या निकालाला ताई आली नव्हती, कारखान्यात तिची दिवसपाळी होती. मी दुपारी आनंदनगरला जाऊन कारखान्याच्या गेटवर थांबले. जेवणाच्या सुट्टीत ती डोक्याला टोपी बांधलेलीच बाहेर आली. मी निकाल सांगितला. तीन महिने, हेही सांगितलं.

"आता परत कोर्टात यायचं नाही ना?"

"नाही."

"तुझ्यावरचा राग गेला नाही अजून," ती म्हणाली. "जाईल की नाही माहीत नाही. पण मुलीला कॉमर्स झाल्यावर कायदा करायचाय. तुझ्याकडे पाठवते. तिला आधी पुस्तक बघून मग बोलायला शिकव."

आतून भोंगा वाजला. ती टोपी सारखी करत गेटमधून आत गेली.