दोरीताईंचा राजीनामा

छापखान्यातल्या कारकुनाच्या नजरेत दोरीताई पहिल्यांदा भरल्या त्या कामावर रुजू झाल्या त्या दिवशी. सगळे हजेरी लावून मशीनकडे पळाले आणि या मात्र त्याच्या टेबलापाशी उभ्या. "नेमणुकीचं पत्र कधी मिळेल, भाऊ?" असं तिथे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पुस्तकं शिवता शिवता त्या बाइंडिंग खातं सांभाळू लागल्या. आणि काही वर्षांनी एक दिवस राजीनामा घेऊन पुन्हा त्याच टेबलापाशी आल्या.

इथे राजीनामा म्हणजे एकच ओळ असायची, 'घरगुती कारणामुळे काम सोडत आहे.' ती कारकूनच लिहून द्यायचा. मग कागदांसाठी माणसं महिनोन्‌महिने खेटे घालायची. ताईंनी मात्र नोटिशीची मुदत आणि शेवटचा दिवस लिहून, त्याखाली मागितलं होतं: त्या दिवशी कार्यमुक्तीचं पत्र आणि अनुभवाचा दाखला मिळावा, आणि राहिलेला पगार, रजा, ग्रॅच्युइटी धरून पूर्ण हिशेब व्हावा.

कारकुनानं अर्ज वाचून परत त्यांच्याकडे सरकवला. "ताई, खालचं खोडा. मालक भडकतील."

"कार्यमुक्तीच्या पत्राशिवाय नवीन ठिकाणी घेणार नाहीत मला. आत्ता नाही मागायचं, तर काय तिकडून रजा काढून मागायला येऊ?"

मालक भडकलेच. "एवढं लिहून मागायचं? विश्वास उडाला का आमच्यावरचा?"

"विश्वास आहे म्हणून तर तुमच्याकडेच मागतेय, दादा. शेजारच्या दुकानात जाऊन मागितलं का?"

मालकांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी अर्जावर 'मंजूर' लिहून सही केली. अर्ज मिळाल्याची शिक्का मारलेली पोच ताईंनी मागून घेतली. कारकून बघतच राहिला. आवाज न चढवता, मान न झुकवता माणूस असं मागू शकतो?

मुदतभर त्यांनी नव्या मुलीला काम शिकवलं. कपाटाची किल्ली, ओळखपत्र, हत्यारं सगळं परत केलं आणि आपल्याकडे काही बाकी नसल्याच्या सह्या खात्याखात्यातून आणल्या.

शेवटच्या दिवशी मालक म्हणाले, "कागद बघू पुढच्या आठवड्यात. मोठी ऑर्डर आहे, तोवर या."

ताईंनी पिशवीतून पोच काढली. कारकुनालाच कुठून धीर आला कोण जाणे. "साहेब, अर्ज तुम्हीच मंजूर केलाय. शेवटचा दिवस आजचाच आहे. पत्रं टाइप करून ठेवलीत, हिशेबाचा तक्ताही तयार आहे. रक्कम पगाराच्या दिवशी त्यांच्या बँकेत जमा होईल."

मालकांनी दाखला वाचला. वाचता वाचता थांबले. "हे 'सहायक' काय लिहिलंयस? खातं कोण चालवत होतं?" त्यांनी ते खोडून 'विभागप्रमुख' लिहिलं आणि म्हणाले, "नीट टाइप करून आण. मग सही करतो."

सही झाल्यावर ताईंनी कागद पिशवीत ठेवले आणि सगळ्यांचा निरोप घेऊन निघाल्या. कारकून दाराशी उभा राहून, त्या वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिला. त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं राजीनामे लिहिले; पण कामावरून जावं कसं, हे आज पाहिलं.

दोरीताई आता दुसऱ्या छापखान्यात सकाळच्या पाळीचं बाइंडिंग सांभाळतात.