हरणाबाईचं दार आणि नकाशातली पिन

आटपाडीच्या स्टँडसमोर चहा पिताना तुम्ही कधी हरणाबाई सरगराचं नाव काढलंत, तर कुणीतरी नक्की सांगेल, "ती व्हय? लय बेरकी बाई! कुरिअरवाल्याला फसवायला रातोरात शेताचं दार पळवलं तिनं."

यातलं दार पळालं एवढं खरं. बाकी सगळी चहाची वाफ. दार पळालं ते भरदुपारी आणि पळवलं ते हरणाबाईच्या नवऱ्यानं, बिराप्पानं. आणि हरणाबाई कुरिअरवाल्याला फसवत नव्हती, उलट त्याच्या वाटेकडं इतकी डोळे लावून बसली होती की तव्यावरची भाकरी दोनदा करपली.

कारण त्या खोक्यात शिलाई मशीन होतं.

हरणाबाई शिलाई शिकली ती थोरल्या जावेच्या मशीनवर. जाऊ मशीनसकट लेकाकडं राहायला गेली आणि हिचे हात रिकामे झाले. मग विट्याला दिलेल्या लेकीनं, पूजानं, मोबाइलवरून आईसाठी मशीन मागवलं. इकडं हरणाबाईनं बातमी वस्तीभर केली. दिवाळी तोंडावर आलेली. चार दिवसांत घरात झंपरांच्या कापडांचा ढीग लागला. शेजारची बनुबाई तर माप देताना म्हणाली, "हरणे, मशीन आलं न्हाई तर मी दिवाळीला आंगावर नुसतं कापड घिऊन बसू काय?"

"आलंच म्हणून समज," हरणाबाई म्हणाली. तिचा शब्द गेला होता, आणि तिच्याकडं शब्द परत घ्यायची पद्धत नव्हती.

पूजानं पत्त्यासोबत नकाशात पिन टाकली होती. विट्यात बसून, वरून काढलेल्या फोटोत माहेरच्या घराचा निळा पत्रा हुडकला आणि बरोबर त्या पत्र्यावर लाल खूण ठोकली. चूक काहीच नव्हती, फक्त घराच्या पत्र्यावरून कुणी येत नसतं. त्या पिनेला सगळ्यात जवळचा रस्ता होता तो घरामागच्या कालव्याच्या पलीकडचा. नकाशाला रस्ता जवळ दिसला, मधलं पाणी त्याच्या खिजगणतीत नव्हतं.

तर पहिल्या दिवशी कुरिअरवाला विश्वजित कालव्याच्या पलीकडं उभा. गाडीवर मागं खोकं, हातात मोबाइल. इकडं हरणाबाई, मधे कालवा पोटभरून वाहतोय. त्याच्या मोबाइलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात."

"कवा पोचला?" हरणाबाई अलीकडून ओरडली. "त्या बाईला म्हणावं, पवत ये!"

"मावशी, पूल कुठाय?"

"लय लांब! तू मागारी जा, डांबरीनं ये, बाभळीपशी वळ!"

"कंच्या बाभळीपशी? समद्या बाभळीच हायत्या!"

विश्वजितला अजून दुसऱ्या गावची पार्सलं वाटायची होती. पण पोरगा चांगला. त्यानं आपला नंबर ओरडून सांगितला आणि म्हणाला, "मावशी, घराची पिन नगं. तुमच्या गेटात हुबं ऱ्हावा आन् गेटाची पिन टाकून मला व्हॉट्सॲपवर सोडा. गेटाची! घर मी हुडकतो."

मग त्या संध्याकाळी पूजाचा व्हिडिओ कॉल आणि हरणाबाईची शाळा. "आई, नकाशा उघड. आता वरनं काढलेला फोटो दिसंल असं कर. दोन बोटांनी फाकव. आगं, फाकव म्हंजे मोबाइल न्हवं, फोटो!"

फोटो फाकला आणि हरणाबाईचं रान हळूहळू पडद्यावर चढलं. निळा पत्रा, डाळिंबाच्या ओळी, कडेची चिंच. बिराप्पा मान घालून बघायला आला आणि मोडलेल्या बांधाशेजारचे पांढरे ठिपके बघून थबकला.

"ही आपलीच मेंढरं हायती."

"आवं, ह्यो फोटो जुना हाय. चिंच बघा की, गेल्या वादळात पडलेली अजून हुबीच हाय हितं."

"जुना आसंल. पर ती लंगडी कुठं दिसंना?" बिराप्पा डोळे बारीक करून आभाळातनं मेंढरं मोजत बसला. त्याला बाजूला सारायला हरणाबाईला कोपर वापरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः दारात जाऊन उभी राहिली. दार म्हणजे तुमच्या मनात येईल तसं लोखंडी फाटक नव्हे. रानाभोवती काट्याचं कुंपण, त्यात एक मोकळी जागा, आणि त्या जागेत बाभळीच्या फांद्यांचा झापा आडवा लावायचा. बेळक्यानं, म्हणजे टोकाला दुफाटा असलेल्या काठीनं, ओढला की दार उघडं, ढकलला की बंद. हरणाबाईनं नकाशावर डांबरीवरून येणारी वाट पकडली, ती कुंपणाला भिडते तिथं बोट दाबून धरलं. लाल खूण टुणकन उभी राहिली. "आली गं बया!" ती एकटीच म्हणाली. खूण विश्वजितला पाठवली. तेवढ्यानं हात थांबेना म्हणून गॅसवाल्याला, दूधवाल्या टेम्पोला, आणि वस्तीच्या ग्रुपवरही पाठवली, खाली लिहून: 'हे आमचं दार'.

त्या वाक्यात एकच अडचण होती. हरणाबाईचं दार एका जागी राहत नसे.

बिराप्पाचे वाडवडील मेंढरांमागं मुलूख फिरले. बिराप्पा डाळिंब लावून घरी टेकला खरा, पण फिरण्याची सवय गेली नाही, ती दारात उतरली. मेंढरं आज या तुकड्यात बसवायची असली की झापा त्या बाजूला, आठवड्यानं त्या तुकड्याला लेंड्यांचं खत पुरेसं झालं की झापा दुसरीकडं. उन्हाळ्यात दार पूर्वेला, सुगीत पश्चिमेला. वस्तीवरच्या माणसांना त्याचं काही वाटत नसे, येणारा मेंढरांचा माग बघून यायचा. हरणाबाईलाही लग्नापासून ते इतकं अंगवळणी पडलेलं की पिन टाकताना ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

त्याच दुपारी बाजरीचं रान मोकळं झालं म्हणून बिराप्पानं झापा उचलला, पार पलीकडच्या कोपऱ्यात लावला आणि जुन्या जागी काटे दाबून भरले. काम एकदम चोख. मुंगी शिरायची नाही.

संध्याकाळच्या आत विश्वजित आला. पिनेवर आला, अगदी नेमका. मोबाइलमधली बाई म्हणाली, पोहोचला आहात. समोर काटेच काटे. घर उंचवट्याआड. आतून कुत्रं दात दाखवतंय. त्यानं फोन लावला, तर हरणाबाई बनुबाईकडं मापं घ्यायला गेलेली आणि मोबाइल घरात चार्जिंगला. विश्वजितनं काट्यांचा फोटो काढला, 'गेट नाही' म्हणून नोंद केली आणि परतला. स्टँडसमोर चहा घेताना त्यानं एवढंच म्हटलं होतं, "सकाळी दार हाय म्हनली, सांच्याला दारच न्हाई गड्या!" पुढचं काम चहावाल्यांनी केलं.

घरी येऊन हरणाबाईनं मोबाइल बघितला. विश्वजितचा आवाज होता: "मावशी, आता एकच खेप. उद्या न्हाई दिलं तर खोकं मागारी जातंय. आन् उद्या माझी सुट्टी हाय, बहिणीची सुपारी फोडायची हाय. नवा पोरगा येईल. त्येला तुमची पिन दिलीया. तो पिन सोडून इकडंतिकडं बघायचा न्हाई आन् तिथं त्येच्या मोबाइलला रेंज ऱ्हात न्हाई."

हरणाबाईनं झंपरांच्या ढिगाकडं बघितलं. मग बाहेर आली.

"आवं, दार मागारी न्या."

"आगं, आत्ताच लावलंय. मेंढरं बसायची हायती बाजरीच्या रानात."

"मेंढरं येतील वळसा घालून. मशीन न्हाई यायचं."

"मग नवी पिन धाड की! तुला तर आता येतीया."

"आज नवी धाडीन. आठ दिसानं तुमी परत दार हलिवणार. मी काय रोज गॅसवाल्याला, दूधवाल्याला सांगत बसू, का बाबांनो, आमचं दार आज कंच्या गावाला गेलंय?"

बिराप्पानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "मोबाइलच्या सांगण्यावरनं बिराप्पा सरगर दार लावनार न्हाई."

"मोबाइलनं न्हाई सांगितलं. मी सांगतीया."

बिराप्पानं पटका परत डोक्यावर ठेवला आणि तो मेंढरांकडं गेला. सकाळी तो रानात गेल्यावर हरणाबाईनं बेळकं घेतलं. दाबून भरलेले काटे एकेक उपसले, झापा ओढत जुन्या जागी आणला आणि काटे पलीकडच्या कोपऱ्यात भरले. हाताला ओरखडे, पदराला चिरा. बनुबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "हरणे, पदर फाटला की गं!"

"फाटू दे. शिवायला मशीन येतंय."

नवा पोरगा उन्हं चढल्यावर आला. मान खाली, डोळे मोबाइलवर. हरणाबाई मोकळ्या दारात उभी होती, पण त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. बाईचा आवाज आला, पोहोचला आहात, तेव्हा त्यानं मान वर केली आणि दचकून म्हणाला, "हरणाबाई सरगर?"

"मीच. ये, आत ये. वाट हाय."

दिवाळीच्या आधी सगळी झंपरं झाली. बनुबाईचं थोडं घट्ट झालं, ते तिच्या मते मशीनमुळं आणि हरणाबाईच्या मते बेसनामुळं. संध्याकाळी मेंढरं पूर्वीच्या दारांच्या सवयीनं पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबायची आणि बिराप्पा त्यांना वळसा घालून आणताना इतका बडबडायचा की कुत्रं कान पाडून बाजूला व्हायचं.

ही गोष्ट सगळ्यांना सांगत फिरते ती पूजाची लेक उत्कर्षा. आजी, आजोबा, कुरिअरवाला, मोबाइलमधली बाई, सगळ्यांचे आवाज काढण्यात पटाईत. तिनं आजीशी पैज लावली होती: दिवाळीच्या आत आजोबा दार हलवणारच. ती हरली तर दिवाळीचा अख्खा दिवस वस्तीवर कुणाचीही नक्कल करायची नाही, आपल्या स्वतःच्या आवाजात बोलायचं. जिंकली तर आजीनं आजोबांचा आवाज काढायचा, आजोबांसमोर.

पाडव्याला ती वडलांच्या मोटरसायकलवर मागं बसून, पिन लावून, मनात आनंदाच्या उकळ्या फुटत असताना निघाली. डांबरी सुटली, वाट लागली, बाई बोलली. समोर झापा नव्हताच. दोन लाकडी मेढी पक्क्या रोवलेल्या, त्यात नवंकोरं फाटक, आणि ते घासून-पुसून बघणारा बिराप्पा. मेंढरं घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला तो फोनवर सांगत होता, "पिन धाडतो की! बरोबर दारात येशील. आमचं दार कुठं जात न्हाई."

हरणाबाई कमरेवर हात ठेवून हसत होती.

उत्कर्षानं पैज हरल्याचं कबूल केलं. मग फाटकाशी जाऊन अगदी साध्या, सभ्य, स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आजी, आम्ही पोहोचलो आहोत."

"ह्यो आवाज तुझा न्हाई," हरणाबाई म्हणाली. "त्या मोबाइलातल्या बाईचा हाय. नक्कल केलीस, उद्याचा दिवस बी माझा."