एक्क्याचा विमा

दीक्षा कांबळे संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि बावधनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागली. घराण्यातली पहिलीच आयटीवाली. कंपनीने ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेतला आणि तिची मूळ प्रमाणपत्रं आपल्या कपाटात ठेवली. ती परदेशी कॅसिनोंसाठी पत्त्यांचे ऑनलाइन खेळ तपासते, हे मात्र तिने घरी कधी सांगितलं नाही. वडील विहारात अभिमानाने सांगत, “पोरगी विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.”

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. ब्लॅकजॅकमध्ये डीलरचा एक पत्ता उघडा असतो, एक झाकलेला. उघडा एक्का निघाला की खेळाडू धास्तावतो, कारण झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा असला तर एक्क्याचे अकरा धरून डीलरचे थेट एकवीस, म्हणजे डाव बहुधा त्याचाच. तेव्हा ‘विमा’ मिळतो: मूळ डावावर लावलेल्या पैशांच्या निम्म्यापर्यंत वेगळी पैज. झाकलेला पत्ता दहाचा निघाला तर दुप्पट मिळतात, नाहीतर पैज गेली.

नव्या आवृत्तीत एक्का दिसताच पडद्यावर चौकट येई, ‘तुमचा डाव सुरक्षित करा’. त्यात ‘हो’ आधीच निवडलेलं. दीक्षाने ती चूक म्हणून नोंदवली.

तिचे मॅनेजर दिगंबर सर हसले. “चूक कसली? क्लायंटने मागितलंय.”

“सर, तेरा प्रकारच्या पत्त्यांत दहाच्या किमतीचे चारच. दहा, गुलाम, राणी, राजा. तेरा वेळा एकेक रुपया लावला, तर साधारण चारदा दोन-दोन मिळतात, म्हणजे आठ. आणि नऊदा एकेक जातो. एक्का दिसला म्हणून झाकलेला पत्ता बदलत नाही. आणि यात स्वतःचा डाव सुरक्षित होतच नाही, ही निराळीच पैज आहे.”

“सिद्ध करून दाखवा.”

तिने लाखो डाव आपोआप खेळणारा प्रोग्राम लिहिला. अधूनमधून विमा जिंकायचा, पण आलेखात खेळाडूच्या पैशांची रेघ एकूण खाली-खालीच जायची. आता तरी चौकट निघेल, असं तिला वाटलं.

क्लायंटच्या कॉलवर दिगंबर सरांनी तोच आलेख दाखवला. पलीकडचे खूश झाले. चौकट आणखी मोठी करायची ठरली आणि दीक्षाला टीम लीड केलं.

तिने राजीनामा लिहिला. एचआरच्या पद्मजा मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बाँड संपेपर्यंत प्रमाणपत्रं मिळणार नाहीत. आणि त्याशिवाय दुसरीकडे घेणार कोण?”

त्या संध्याकाळी वडील तिच्या बढतीचे पेढे घेऊन आले. तिने खोका बाजूला सारला आणि सगळं सांगितलं. त्यांनी खोका परत पिशवीत ठेवला. मग विचारलं, “लोकांना कळत नाही का गं?”

“भीती दाखवली की गणित कोण करतो, बाबा?”

“सोडता येईल?”

“एवढ्यात नाही.”

सकाळी ती कंपनीच्या बसमध्ये चढली. टीमची पहिली बैठक होती, विषय होता चौकटीचा रंग. कुणीतरी लाल सुचवला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने मान डोलावली.