तक्त्यातली न लिहिलेली ओळ

चिखलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. मला लवकर राग येतो आणि भीती त्याहून लवकर वाटते. मुलांना फक्त राग दिसायचा.

अकरावीत लिमिट हा धडा आला की वर्गात स्मशानशांतता पसरायची. म्हणून मी कॉलेजच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या, त्यांतली लिमिटची गणितं रूपांप्रमाणे वेगळी केली आणि एका पानाचा तक्ता बनवला. वर्गमूळ दिसलं, जसं x चारकडे जाताना (√(x+5) − 3)/(x − 4), की परिमेयीकरण करा. वर-खाली नुसत्या बहुपदी असल्या की अवयव पाडा आणि समान अवयव काढून टाका. (xⁿ − aⁿ)/(x − a) दिसलं की प्रमाण सूत्र लावा, उत्तर n गुणिले aⁿ⁻¹. तक्त्यावर मी भलतीच खूश होते.

त्या वर्षी अमडापूरहून एसटीनं येणारी एक मुलगी गणितात नापास झाली. आता फेरपरीक्षा. त्यात पास झाली तर बारावी, नाही तर पुन्हा अकरावी, आणि तीही धाकट्या बहिणीच्या वर्गात. ती मला म्हणाली होती, "मॅडम, तिच्या बाजूले बसून शिकाचं? मी कॉलेजच सोडून देईन." मी तिला रोज तासभर बसवलं. तक्ता तिनं तोंडपाठ केला.

पेपर गणिताच्याच ज्येष्ठ सरांनी काढला होता. त्या वर्गावर पर्यवेक्षक मी होते. पेपर वाटून झाल्यावर उरलेला एक हातात घेतला आणि तिसऱ्या प्रश्नाशी थबकले. x तीनकडे जाताना (x⁵ − 32)/(x − 2).

दिसायला अगदी तक्त्यातलं. बत्तीस म्हणजे दोनाचा पाचवा घात, खाली x वजा दोन. पण x दोनकडे जातच नव्हता, तीनकडे जात होता. तीन ठेवले की वर 243 वजा 32, खाली एक. उत्तर 211, दोन ओळींचं काम. आधी किंमत ठेवून पाहायची, शून्यावर शून्य आलं तरच बाकीच्या युक्त्या, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की मी ते तक्त्यात लिहिलंच नव्हतं. जुन्या पेपरांतल्या प्रत्येक गणितात शून्यावर शून्यच यायचं. कुणाचं कधी अडलं नाही.

सांगावं तर कॉपी पुरवल्यासारखं, न सांगावं तर त्या पोरीचं वर्ष. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तेवढ्यात तिनं मान वर केली. हात अर्धा उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि हात खाली घेऊन भराभर लिहायला लागली. मला वाटलं, तिला सुचलं. मी देवाचे आभारसुद्धा मानले.

उत्तरपत्रिका गोळा करताना तिची मुद्दाम पाहिली. उत्तर होतं 80, तक्त्यातल्या सूत्रानं काढलेलं. बाजूला लिहिलं होतं, 'छपाईची चूक. x दोनकडे जातो असे धरले.'

ती हसत बाहेर गेली. मी मात्र निकालापर्यंत जेवले की नाही ते आठवत नाही. सरांना जाऊन सांगितलं की तक्ता माझा, चूक माझी. सर वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मॅडम, तुमच्या चुकीचे मार्क मी तिला कुठून देऊ?" त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला त्यांचा जास्तच राग आला.

ती एका मार्कानं राहिली. ते गणित दोन मार्कांचं होतं.

निकालाच्या दिवशी तिला स्टाफरूमच्या बाहेर गाठलं. पेपर बरोबर होता, तक्ता अपुरा होता, हे तिच्या तोंडावर सांगितलं. ती रडली नाही. मीच मग चिडल्यासारखी विचारून बसले, "अगं, हात वर केला होतास ना? मग विचारलं का नाहीस? पेपर बरोबर आहे एवढं तर मी सांगितलंच असतं."

ती खाली पाहत म्हणाली, "विचारनारच होती, मॅडम. पन तुमच्याकडं पाह्यलं तं तुमचं तोंड पांढरंफट्ट पडलेलं. मले वाटलं, पेपर तुम्हीच काढला, त्यात चूक झाली म्हनून तुम्ही भेऊन राह्यल्या. सगळ्यांसमोर विचारलं तं सर तुमाले बोलतीन. म्हनून मीच दुरुस्त करून घेतलं."